संज्ञेचा अर्थ दिला, काम सांगायचं राहिलं

मी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या संज्ञाकोशात ‘ओपिनिओ ज्युरिस’ या नोंदीपुढे ‘कायदेतज्ज्ञांचं मत’ असं छापलेलं होतं. ते चूक होतं. ते मीच लिहिलं होतं, मीच तपासलं होतं आणि बरीच वर्षं मुलं त्यावरूनच परीक्षेचा अभ्यास करत होती.

हा कोश का करावा लागला, ते आधी सांगते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकात लॅटिन आणि फ्रेंच संज्ञा पानोपानी येतात आणि बहुतेक लेखक त्या विद्यार्थ्याला माहीत आहेत असं धरूनच चालतात. मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलं इंग्रजी वाक्य कसंबसं पार करायची. वाक्याच्या मध्येच तिरप्या अक्षरांतली एखादी संज्ञा आली की मात्र तिथेच थांबायची. म्हणून मी एक जाडसर पुस्तिका केली. डावीकडे मूळ संज्ञा, उजवीकडे इंग्रजीत आणि मराठीत एकेका ओळीचा सोपा अर्थ. एका ओळीत बसेल तेवढंच लिहायचं, हा माझा नियम होता. मुलांना पाठ करायला सोपं जावं, एवढाच विचार त्यामागे होता.

‘ओपिनिओ ज्युरिस’ची नोंद लिहिताना मी लॅटिन शब्दकोश उघडला. ‘ओपिनिओ’ म्हणजे मत, समजूत. ‘ज्युरिस’ म्हणजे कायद्याचं. दोन्ही जोडले की ‘कायद्याविषयीचं मत’. मग मत कुणाचं, हा प्रश्न उरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं 38 वं कलम मला पाठ होतं. न्यायालयाने कायदा कुठून शोधायचा, याची यादी त्यात आहे. करार, रूढी, कायद्याची सर्वसामान्य तत्त्वं, आणि शेवटी साहाय्यक साधनं म्हणून न्यायनिर्णय आणि नामवंत कायदेपंडितांचं लेखन. पंडितांचं लेखन यादीत आहे, तेव्हा मत पंडितांचंच असणार, असं मी धरून चालले. दोन वेगळ्या गोष्टी मी एका ओळीत मिसळल्या आणि ती ओळ इतकी सरळ दिसत होती की पुन्हा तपासावी असं मला वाटलंच नाही.

ती चूक उघडी पडली अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत. काल्पनिक खटला दोन शेजारी राष्ट्रांमधल्या वाटेच्या हक्काचा होता. आमच्या संघातला एक विद्यार्थी उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ही वाट वापरात आहे हे त्याने नीट मांडलं आणि ‘आता ओपिनिओ ज्युरिसकडे वळतो’ असं म्हणून चार-पाच लेखकांची अवतरणं वाचून दाखवली. परीक्षकांनी त्याला मध्येच थांबवलं. ‘ही लेखकांची मतं झाली. वाट देणाऱ्या राष्ट्राला काय वाटत होतं? आपण ही वाट बांधील आहोत म्हणून देतोय, की शेजारधर्म म्हणून?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने अवतरणं गोळा करण्यात जितका वेळ घालवला होता, तितका वेळ राष्ट्रांचा पत्रव्यवहार वाचण्यात घालवला असता तर उत्तर मिळालं असतं. तो आळशी नव्हता. माझ्या नोंदीने त्याला चुकीच्या कपाटाकडे पाठवलं होतं.

संघ त्याच फेरीत बाहेर पडला. मला त्याहून जास्त लागलं ते घरी आल्यावर. तेच उत्तर लिहिलेल्या कितीतरी उत्तरपत्रिका मी याआधी तपासल्या होत्या आणि त्याला पूर्ण गुण दिले होते, हे तेव्हा आठवलं. ज्यांनी बरोबर लिहिलं असेल त्यांचे गुण मी कापले असतील का, हे आता मला कधीच कळणार नाही.

मग मी ती नोंद दुरुस्त करायला बसले. वाचायला घेतला तो आपल्याच प्रदेशातला खटला, पोर्तुगाल विरुद्ध भारत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याचा अंतिम निकाल 12 एप्रिल 1960 रोजी दिला. दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांच्या ताब्यातले दोन तुकडे चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. किनाऱ्यावरच्या दमणहून तिथे जायचं तर भारताच्या हद्दीतून जावं लागे. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी हे दोन्ही भाग मुक्त केले आणि भारताने पोर्तुगीजांची वाट बंद केली. पोर्तुगाल डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या न्यायालयात गेला. या वाटेवर आमचा हक्क होता, असं त्याचं म्हणणं होतं.

हा निकाल मी पूर्वी शिकवला होता, पण सारांशावरून. आता मूळ निकाल ओळीओळीने वाचला, तेव्हा ‘ओपिनिओ ज्युरिस’ न्यायालयात प्रत्यक्ष काय काम करते, ते मला पहिल्यांदा दिसलं.

न्यायालयाने वाटेचे दोन भाग केले. पहिला भाग खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा. मधला प्रदेश 1818 मध्ये इंग्रजांकडे आला, तेव्हापासून पुढची सव्वाशे वर्षं आणि त्यानंतर स्वतंत्र भारताच्या काळातही ही ये-जा चालू होती. नेहमीची तपासणी आणि जकातीचे नियम सोडले तर तिला अडवणूक नव्हती. इतका दीर्घ काळ एकसारखं चालत आलेलं हे आचरण दोन्ही बाजूंनी कायदा म्हणून स्वीकारलेलं आहे, असं न्यायालयाने मानलं. स्थानिक रूढी होण्यासाठी दोनाहून अधिक राष्ट्रं लागतात, हा भारताचा मुद्दा न्यायालयाने स्वीकारला नाही. दोनच राष्ट्रांमध्येही स्थानिक रूढी तयार होऊ शकते, असं त्याने सांगितलं. या भागात अकरा विरुद्ध चार मतांनी निर्णय पोर्तुगालच्या बाजूने लागला.

दुसरा भाग सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांचा. या वाटेने पोर्तुगीज सैनिकही वर्षानुवर्षं येत-जात होते. नुसतं आचरण मोजायचं तर तेही होतंच. पण 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात तरतूद होती की ठरावीक कारणं सोडली तर एकमेकांच्या हद्दीत सैन्य न्यायचं असेल तर रीतसर विनंती करायची. 1890 मध्ये मुंबई सरकारने एक तक्रार पुढे पाठवली. पोर्तुगीज सरकारच्या नोकरीतली सशस्त्र माणसं सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्यातून विनंती न करताच ये-जा करतात, अशी ती तक्रार होती. त्यावर पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने कळवलं की आमचं सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही.

त्या उत्तरापाशी मी वाचन थांबवलं. माझ्या विद्यार्थ्याला परीक्षकांनी जे विचारलं होतं, ते इथे कागदावर होतं. आपण परवानगी मागूनच जातो, असं जो स्वतः लिहून देतो, त्याला नंतर ‘हा माझा हक्कच होता’ असं म्हणता येत नाही. परवानगी देणाऱ्याला ती नाकारताही येते. आचरण तेच, वाट तीच, वर्षंही जवळपास तेवढीच. फरक होता तो राष्ट्रांनी त्या आचरणाकडे कसं पाहिलं, यात. म्हणून न्यायालयाने आठ विरुद्ध सात अशा निसटत्या मतांनी ठरवलं की सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता. शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी असंही ठरलं की 1954 च्या तणावात भारताने वाट बंद केली, यात भारताने कोणतंही बंधन मोडलं नाही. कारण जो हक्क होता, तोही भारताच्या नियंत्रणाच्या अधीनच होता.

माझ्या जुन्या ओळीत यातलं काहीच नव्हतं. नवी नोंद मी अशी लिहिली: ‘राष्ट्र एखादी गोष्ट वारंवार करतं, तेव्हा आपण ती कायद्याने बांधील आहोत म्हणून करतो, अशी त्या राष्ट्राची धारणा. रूढी सिद्ध करणाऱ्याने आचरण दाखवायचं आणि त्यासोबत ही धारणाही दाखवायची. ती सापडते राष्ट्रांचा पत्रव्यवहार, निषेधाची पत्रं, करारातली भाषा, अधिकृत निवेदनं यांत. सौजन्य म्हणून, सोय म्हणून किंवा परवानगी घेऊन केलेली गोष्ट कितीही वेळा झाली, तरी तिच्यातून हक्क निर्माण होत नाही. पंडितांचं लेखन हा याचा पुरावा नव्हे. पुरावा कुठे आहे, ते शोधायला मात्र त्याची मदत होते.’ खाली दमणच्या वाटेचा खटला, त्यातले दोन भाग आणि प्रत्येक भागाचा निकाल, एवढं जोडलं.

तो निकाल वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पोर्तुगालचा दावा सुरू होत होता पेशवे दरबाराशी झालेल्या 1779 च्या पुणे करारापासून आणि 1783 आणि 1785 च्या सनदांपासून. पोर्तुगालचं म्हणणं होतं की या कागदांनी ही गावं सार्वभौम हक्कासह आम्हाला दिली. न्यायालयापुढे कराराची वेगवेगळी भाषांतरं होती. ती तपासून न्यायालयाने ठरवलं की मराठ्यांना द्यायचा होता तो फक्त सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क. सार्वभौमत्व त्यांनी सोडलेलं नव्हतं. तरीही पोर्तुगालचं सार्वभौमत्व न्यायालयाने दुसऱ्या वाटेने मान्य केलं. इंग्रज आले तेव्हा पोर्तुगीज तिथे पूर्ण सत्ता गाजवत होते, इंग्रजांनी ते चालू दिलं आणि पुढे भारतानेही ते गृहीत धरलं. कागदावरचा हक्क कमी पडला, तेव्हा वागण्यातून सिद्ध झालेली मान्यता कामी आली. फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष सत्ता गाजवल्याच्या अशा पुराव्याला ‘एफेक्तिव्हिते’ म्हणतात. माझ्या कोशात त्यापुढे ‘परिणामकारकता’ असं लिहिलेलं होतं. कर वसूल करणं, पोलीस ठेवणं, गुन्हे चालवणं, जनगणना करणं, हे सगळं त्या शब्दात येतं, हे ‘परिणामकारकता’ वाचून कुणाला कळलं असतं? ती नोंदही मी बदलली.

दुसरी चूक वेगळ्या जातीची होती. ती कोशात काय लिहिलं याबद्दलची नव्हती, काय गाळलं याबद्दलची होती.

फ्रेंच संज्ञा निवडताना मी विद्यार्थ्याला अनोळखी वाटतील अशाच घेतल्या. कराराच्या मसुद्याचे पूर्वकागद म्हणजे ‘त्राव्हो प्रेपारात्वार’, राजदूत नेमण्याआधी यजमान राष्ट्राची संमती म्हणजे ‘आग्रेमाँ’, स्मरणटिपण म्हणजे ‘एद-मेम्वार’. साधी फ्रेंच क्रियापदं मी बाजूला ठेवली. इंग्रजी मजकूर असताना साध्या फ्रेंच क्रियापदाची गरज कुणाला, असं मला वाटलं. करार एकाहून अधिक भाषांत अधिकृत असू शकतो आणि अशा प्रत्येक भाषेतला मजकूर सारखाच कायदा असतो, हे मी वर्गात शिकवत होते. कोश करताना मात्र मी फ्रेंच ही फक्त अलंकारासारखी वापरली जाणारी भाषा आहे, असं धरून चालले.

या चुकीची किंमत मला कळली 2017 मध्ये. त्या वर्षी 10 एप्रिलला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा सुनावल्याचं जाहीर झालं. 8 मे रोजी भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 18 मे रोजी न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिला की अंतिम निकालापर्यंत फाशी दिली जाणार नाही यासाठी पाकिस्तानने हाती असलेले सगळे उपाय करावेत. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न तोच आला. ‘मॅडम, हा आदेश पाकिस्तानवर बंधनकारक आहे का? संविधीच्या 41 व्या कलमात तर न्यायालय उपाय सुचवतं असंच लिहिलंय.’

विद्यार्थिनीने इंग्रजी मजकूर बरोबर वाचला होता. इंग्रजीत न्यायालय उपाय ‘इंडिकेट’ करू शकतं, उपाय केले जाणं इष्ट आहे अशा अर्थाचा ‘ऑट’ हा शब्द आहे आणि पुढच्याच परिच्छेदात त्यांना ‘सुचवलेले’ उपाय म्हटलं आहे. एवढ्यावरून पाहिलं तर हा सल्ला वाटतो. मी तिला सांगितलं की आदेश बंधनकारक आहे, 2001 च्या लाग्राँ निकालात ते ठरलंय. का, हे मात्र मला नीट सांगता आलं नाही. माझ्या कोशात त्या ‘का’ला जागाच नव्हती.

वाल्टर आणि कार्ल लाग्राँ हे जर्मन नागरिक असलेले भाऊ. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात त्यांना मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. अटकेनंतर आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करण्याचा हक्क त्यांना आहे, हे त्यांना सांगितलंच नव्हतं. कार्लला 24 फेब्रुवारी 1999 रोजी मृत्युदंड दिला गेला. जर्मनी 2 मार्चला हेगला गेला. 3 मार्चला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला आणि त्याच दिवशी वाल्टरलाही मृत्युदंड दिला गेला. पुढे 27 जून 2001 च्या निकालात प्रश्न तोच उभा राहिला. आदेश मोडला, की सल्ला मानला नाही?

अमेरिकेचा आधार इंग्रजी मजकूर होता. न्यायालयाने फ्रेंच मजकूर त्याच्या शेजारी ठेवून पाहिला. तिथे उपायांबद्दल ‘द्वाव एत्र प्रीझ’ असे शब्द आहेत. ते केले गेलेच पाहिजेत, असा त्यांचा अर्थ. त्याच मजकुरात ‘अँदिके’ म्हणजे दर्शवणं, हे मवाळ क्रियापदही आहे. म्हणजे एकट्या फ्रेंच मजकुरावरही प्रश्न मिटत नव्हता. दोन अधिकृत मजकूर वेगळं बोलत असतील तर काय करायचं, याचं उत्तर करारांच्या व्हिएन्ना अधिसंधीच्या 33 व्या कलमात आहे. कराराचा उद्देश पाहायचा आणि दोन्ही मजकुरांचा मेळ ज्या अर्थाने सर्वांत चांगला बसेल, तो अर्थ घ्यायचा. 41 व्या कलमाचा उद्देश काय? निकाल लागेपर्यंत वादाचा विषय शिल्लक राहावा, पक्षकारांचे हक्क नष्ट होऊ नयेत, हा. माणूसच जिवंत राहिला नाही तर त्याच्याबद्दलच्या निकालाला काय अर्थ? म्हणून अंतरिम आदेश बंधनकारक असं ठरलं.

न्यायालयाने मसुद्याचे जुने कागदही पाहिले. 1920 मध्ये मूळ फ्रेंच मसुद्यात ‘ओर्दोने’, म्हणजे हुकूम देणं, हा शब्द होता. तो बदलून ‘अँदिके’ केला गेला. कारण न्यायालयाकडे आपल्या हुकुमाची अंमलबजावणी करण्याची यंत्रणा नव्हती. न्यायालयाने यावर जो भेद केला, तो मी आता प्रत्येक वर्षी शिकवते. आदेशाची अंमलबजावणी करायला हाताशी साधन नसणं वेगळं आणि आदेश बंधनकारकच नसणं वेगळं.

या एका उदाहरणात ‘त्राव्हो प्रेपारात्वार’चं कामही दिसतं. माझ्या कोशात त्या संज्ञेपुढे ‘मसुद्याचे पूर्वकागद’ एवढंच होतं. ते चूक नव्हतं. पण हे कागद कधी उघडायचे, हे त्यात नव्हतं. आधी मजकूर, संदर्भ आणि उद्देश पाहायचा. त्यातून निघालेला अर्थ पक्का करायला, किंवा अर्थ संदिग्ध वा हास्यास्पद निघाला तर, पूर्वकागद. माझी मुलं उत्तर थेट पूर्वकागदांपासून सुरू करायची, कारण कोशात त्यांचा क्रम नव्हता.

नव्या आवृत्तीत 41 व्या कलमाचं स्वतंत्र पान आहे. डावीकडे फ्रेंच क्रियापदं, उजवीकडे इंग्रजी, खाली लाग्राँ निकालाने मेळ कसा घातला ते मराठीत. आणि सुरुवातीलाच एक सूचना: कराराचं कलम उद्धृत करण्याआधी तो करार कोणकोणत्या भाषांत अधिकृत आहे ते शेवटच्या कलमांत शोधा, आणि शब्दावरून वाद होण्यासारखा असेल तर दुसरा मजकूर उघडा.

तिसरी चूक जाधव खटल्याच्याच अंतिम निकालाने दाखवली. भारताने अर्जात मागितलेला उपाय होता ‘रेस्टिट्युशिओ इन इन्टेग्रम’. माझ्या कोशात त्याचा अर्थ होता: ‘सगळं पूर्वीसारखं करून देणं.’ हरीश साळवे भारताची बाजू मांडत होते आणि माझ्या वर्गातली बहुतेक मुलं हा खटला मनापासून वाचत होती. माझा अर्थ घेऊन त्यांनी सरळ निष्कर्ष काढला. पाकिस्तानने चूक केली असं ठरलं तर शिक्षा रद्द होणार आणि जाधव घरी येणार.

17 जुलै 2019 रोजी निकाल लागला. जाधव यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, अटकेची माहिती भारताला विनाविलंब दिली नाही, भारतीय अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही, या सगळ्यात पाकिस्तानने वकिलातींच्या संबंधांविषयीच्या व्हिएन्ना अधिसंधीचं 36 वं कलम मोडलं, असं न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मताने ठरवलं. पण शिक्षा रद्द केली नाही, सुटकेचा आदेश दिला नाही. पाकिस्तानने स्वतः निवडलेल्या मार्गाने दोषसिद्धी आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, हक्कभंगाचा काय परिणाम झाला याला पूर्ण वजन द्यावं, गरज पडल्यास त्यासाठी कायदा करावा आणि तोपर्यंत फाशी थांबवावी, असं सांगितलं.

एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘म्हणजे आपण जिंकलो की हरलो?’ गोंधळ त्याचा नव्हता. पूर्ववत कशापासून करायचं, हे माझ्या नोंदीने सांगितलंच नव्हतं.

ही संज्ञा रोमन कायद्यातली. पंचवीस वर्षांखालच्या व्यक्तीने अननुभवामुळे नुकसानीचा व्यवहार केला, तर प्रेटर हा न्यायाधिकारी तो व्यवहार झालाच नव्हता असं धरून तिला आधीच्या स्थितीत नेऊ शके. आंतरराष्ट्रीय कायद्यात तिचं वजन वाढलं ते 1928 च्या खोझूव कारखान्याच्या निकालाने. जर्मनी आणि पोलंड यांच्यातला तो वाद. भरपाईने अवैध कृतीचे सगळे परिणाम शक्य तितके पुसून टाकावेत आणि ती कृती घडली नसती तर बहुधा जी स्थिती असती ती आणावी, असं तिथे ठरलं. या वाक्यातला कळीचा भाग आहे ‘ती कृती’. आधी अवैध कृती कोणती ते नेमकं ठरवायचं, मग ती वजा करून काय उरतं ते पाहायचं.

जाधव खटल्यात हे करून पाहू. न्यायालयाला अधिकार होता तो फक्त त्या व्हिएन्ना अधिसंधीच्या अर्थ आणि अंमलबजावणीपुरता, कारण दोन्ही देशांनी तिच्या ऐच्छिक प्रोटोकॉलने तेवढाच अधिकार दिला होता. तिच्या 36 व्या कलमाखाली अवैध ठरली ती हक्क न सांगण्याची, न कळवण्याची आणि भेट नाकारण्याची कृती. खटला आणि शिक्षा या स्वतः त्या कलमाचा भंग नव्हत्या. आता ती कृती वजा करा. हक्क सांगितले असते आणि भेट दिली असती तर काय झालं असतं? भारताने वकील दिला असता, पुरावा गोळा करायला मदत केली असती. त्याने निकाल बदलला असता का? तो बदलला असता असं धरून चालता येत नाही आणि बदलला नसता असंही धरता येत नाही. ते तपासायचा मार्ग म्हणजे फेरविचार. हाच तर्क न्यायालयाने 2004 च्या मेक्सिको-अमेरिका खटल्यातही वापरला होता. तिथेही शिक्षा आपोआप रद्द करणं हाच एकमेव उपाय आहे, असं त्याने मानलं नव्हतं.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखून हे दाखवलं: भारताने काय मागितलं, कोणती कृती अवैध ठरली, ती वजा केल्यावर काय देणं शक्य होतं. तिसरा रकाना भरला तेव्हा त्यानेच म्हटलं की हक्कभंगाच्या प्रश्नावर भारताची बाजू पूर्ण मान्य झाली आणि उपायाच्या प्रश्नावर निम्मी. माझ्या पुस्तिकेने त्याला हे आधीच सांगायला हवं होतं. निकालाच्या आदल्या रात्रीपर्यंत जी मुलं सुटकेची वाट पाहत होती, त्यांची निराशा टळली नसती, पण त्यांना निकाल समजला असता.

आता त्या नोंदीत तीन प्रश्न छापलेले आहेत. अवैध कृती नेमकी कोणती? न्यायालयाचा अधिकार कुठपर्यंत आहे? ती कृती वजा केली तर कोणती स्थिती उरते? चौथी ओळ मर्यादेची: पूर्ववत करणं अशक्य असेल किंवा त्याचा भार लाभाच्या तुलनेत फारच जास्त असेल तर पैशातली भरपाई किंवा चुकीची औपचारिक कबुली हे उपाय राहतात. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने राष्ट्रांच्या जबाबदारीविषयी जी कलमं तयार केली, त्यांच्यातही क्रम हाच आहे.

नवी पुस्तिका जुनीपेक्षा जाड झाली, पण तिच्यात संज्ञा कमी आहेत. शोभेपुरत्या वापरल्या जाणाऱ्या कितीतरी मी काढून टाकल्या. त्यांच्यावर आजवर कुठलाही निकाल फिरला नाही आणि ज्या शब्दकोशात मिळतात त्या तिथेच पाहाव्यात. ज्या राहिल्या त्यांच्यापुढे आता एक ओळ नाही. संज्ञा पुढे करणाऱ्याला काय सिद्ध करावं लागतं, पुरावा कोणत्या कागदांत असतो, सिद्ध झालं तर काय मिळतं आणि काय मिळत नाही, एवढं प्रत्येकीपुढे आहे, आणि शेवटी ज्यात ते घडलं तो एक खटला. जिथे मला असा खटला सापडला नाही, तिथे मी अर्थ लिहिला नाही. ती नोंद कोरी ठेवून खाली ‘काम अजून कळलेलं नाही’ असं छापलं आहे. अशा काही जागा अजूनही आहेत. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्यातली एक जागा स्वतः निकाल शोधून भरून आणली. तिने लिहिलेल्या मजकुरात मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, तिने एका दुरुस्तीला हरकत घेतली, आणि निकाल पुन्हा उघडून पाहिल्यावर तिची हरकत बरोबर निघाली.